पावतीपासून जाहिरातीपर्यंत

लातूरमधला ‘नीट’ची तयारी करून घेणारा एक मध्यम आकाराचा क्लास डोळ्यांसमोर आणा. हा क्लास आणि त्याचे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण त्यातला पेच अशा क्लासच्या चालकांना ओळखीचा वाटेल. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल साधारण मे महिन्यात लागतो आणि मधल्या दिवसांत नांदेड, बीड, परभणी, धाराशिवचे पालक अकरावी-बारावीचा क्लास शोधायला लागतात. म्हणून एप्रिलमध्ये या क्लासने ऑनलाइन जाहिरातींवर ८५,००० रुपये खर्च केले.

त्यातले ४०,००० गूगल सर्चवर गेले. कुणी ‘नीट क्लासेस लातूर’ असं शोधलं की जाहिरात दिसायची आणि क्लासच्या वेबसाइटवर न्यायची. त्यातून ८० फॉर्म आले, म्हणजे एक चौकशी ५०० रुपयांना पडली. आणखी ४०,००० फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर गेले; पुढे या दोन्हींना मिळून ‘इन्स्टाग्राम’च म्हणू. तिथे जाहिरातीतच उघडणारा फॉर्म होता. त्यातून ४०० फॉर्म आले, चौकशी १०० रुपयांना. उरलेले ५,००० क्लासच्या स्वतःच्या नावावर गेले. गूगलवर क्लासचं नाव टाकणाऱ्याला सगळ्यात वर जाहिरात दिसावी म्हणून. त्यातून २५ फॉर्म आले.

जाहिराती सांभाळणाऱ्या एजन्सीने महिनाअखेरीचा अहवाल दिला. त्यात ‘कन्व्हर्जन’ या रकान्यात हेच ८०, ४०० आणि २५ आकडे होते. शिफारसही ठरलेली होती: इन्स्टाग्रामवर चौकशी पाचपट स्वस्त पडते, सर्चचे पैसे तिकडे वळवा.

आता त्याच क्लासचं पावतीपुस्तक उघडू. जूनअखेरपर्यंत सर्चवरून आलेल्या ८० जणांपैकी १२ जणांनी टोकन भरून जागा पक्की केली. इन्स्टाग्रामच्या ४०० जणांपैकी ४ जणांनी. नावाच्या जाहिरातीवरून आलेल्या २५ पैकी १० जणांनी. म्हणजे एक प्रवेश सर्चवर ३,३३३ रुपयांना पडला आणि इन्स्टाग्रामवर १०,००० रुपयांना. अहवालातली क्रमवारी पावतीपुस्तकात उलटी झाली.

असं का होतं हे समजून घेतलं, तर पुढची सगळी मांडणी सोपी जाते. जाहिरातीतच उघडणाऱ्या फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरलेले असतात. अंगठा दोनदा टेकवला की फॉर्म गेला. नववीतला मुलगा सहज बघता बघता तो भरतो. दुसऱ्या दिवशी फोन केला तर आपण काय भरलं हे त्याला आठवत नाही. पण प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा ठरवते आणि तुम्ही तिला ‘मला फॉर्म हवेत’ असं सांगितलेलं असतं. मग ती इमानदारीने फॉर्म भरण्याची सवय असलेली माणसं शोधून काढते. प्रवेश घेणारी माणसं कोणती, हे तिला कळण्याचा मार्गच नसतो, कारण प्रवेश क्लासच्या काउंटरवर होतो आणि काउंटरवरची पावती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही पावती मागे जाहिरातीपर्यंत पोहोचवणं म्हणजे कन्व्हर्जन ट्रॅकिंग. बाकी सगळं त्याची तयारी.

पहिली गोष्ट मांडणीची नाही, ठरवण्याची आहे: प्रवेश झाला असं कधी म्हणायचं? फोनवर ‘येतो सर’ म्हणणं म्हणजे प्रवेश नाही. डेमो लेक्चरला बसणं म्हणजेही नाही. आमच्या उदाहरणातल्या क्लासने ठरवलं की ५,००० रुपये टोकन भरून पावती फाटली, की प्रवेश. पूर्ण फी १,२०,००० आहे, तिचे हप्ते पुढे येत राहतात, पण पालकांनी निर्णय घेतला तो या क्षणी. पावतीला तारीख असते, वेळ असते, क्रमांक असतो, आणि हिशेबनीस ती वेगळ्या कारणासाठी आधीच जपत असतो. मोजमापासाठी अशीच घटना निवडावी, जी जाहिरातवाल्यांच्या इच्छेने फुगवता येत नाही.

आता जाहिरातीला पावतीशी जोडणारा धागा. गूगलच्या जाहिरातीवर कुणी टिचकी मारली की गूगल तुमच्या वेबसाइटच्या पत्त्याला एक लांबलचक खूण जोडतं. पत्त्यात `?gclid=` असं दिसतं आणि त्यापुढे अक्षरांची न वाचता येणारी माळ असते. ही खूण त्या एकाच टिचकीची असते: कोणती मोहीम, कोणता शब्द, कोणती जाहिरात, किती वाजता, हे सगळं गूगलकडे त्या खुणेखाली नोंदलेलं असतं. त्यासाठी गूगल अॅड्सच्या खात्यात Auto-tagging चालू असावं लागतं. ते चालू आहे हे आधी बघून घ्या.

ही खूण वेबसाइटवर येते आणि बहुतेक वेळा तिथेच हरवते. त्याचं कारण अगदी क्षुल्लक असू शकतं. वेबसाइट ‘www’ नसलेल्या पत्त्यावरून ‘www’ असलेल्या पत्त्यावर पाठवते, किंवा मोबाइलसाठी वेगळ्या पानावर नेते, आणि या उडीत प्रश्नचिन्हापुढचा भाग गळून पडतो. तपासणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकून शेवटी `?gclid=test123` जोडा आणि पान उघडा. पान पूर्ण उघडल्यावरही ही अक्षरं पत्त्यात दिसत असतील तर ठीक. दिसत नसतील तर वेबसाइट बनवणाऱ्याला बोलवा. हे दुरुस्त होईपर्यंत पुढच्या कशाचाच उपयोग नाही.

दुसरी गळती अशी की पालक एका पानावर उतरतात, फीचं पान बघतात, निकालांचं पान बघतात आणि फॉर्म तिसऱ्याच पानावर भरतात. तोवर पत्त्यातली खूण गेलेली असते. म्हणून पहिल्या पानावरच ती ब्राउझरमध्ये जपून ठेवायची आणि फॉर्म आला की त्यातल्या एका लपलेल्या रकान्यात भरायची. सगळ्या पानांच्या तळाशी एवढा मजकूर पुरतो:

```html
<script>
const g = new URLSearchParams(location.search).get("gclid");
if (g) localStorage.setItem("gclid", g);
const f = document.getElementById("gclid");
if (f) f.value = localStorage.getItem("gclid") || "";
</script>
```

आणि फॉर्ममध्ये एक ओळ:

```html
<input type="hidden" name="gclid" id="gclid">
```

आता पालकांनी फॉर्म पाठवला की नाव आणि मोबाइल नंबरासोबत ही माळही क्लासच्या यादीत येऊन पडते. एक काळजी घ्या. या माळेत लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद असतो. काही सॉफ्टवेअर आलेला मजकूर सरसकट लहान अक्षरांत बदलतात. तसं झालं की यादीत सगळं भरलेलं दिसतं, पण गूगल एकही खूण ओळखत नाही.

फॉर्म कुणाकडून भरून घ्यायचा, हेही इथेच ठरवावं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळून बघता येईल अशी संमती मागतो आणि मुलांचा माग काढायला व मुलांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मनाई करतो. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, पण क्लासने त्याची वाट बघण्याचं कारण नाही. दहावीतलं मूल हे क्लासचं गिऱ्हाईक नाहीच, फी भरणारे आई-वडील आहेत. फॉर्मवर ‘पालकांचं नाव’ आणि ‘पालकांचा मोबाइल’ असेच रकाने ठेवा, माहिती जाहिरातींचा परिणाम मोजायला वापरली जाईल हे स्वच्छ मराठीत लिहा आणि संमतीची खूण पालकांना स्वतः करू द्या. मेटावर जाहिरात दाखवायचं वयही पालकांचं ठेवा. हे नैतिकदृष्ट्या योग्य आहेच. शिवाय मोजणीलाही त्याचा फायदा होतो, कारण पुढे पावतीवर जो नंबर येणार आहे तोच फॉर्मवर येतो.

आता आपण या सगळ्या कामातल्या सर्वांत महत्त्वाच्या जागी येतो, आणि ती जागा संगणकात नाही. ती क्लासच्या रिसेप्शनवर आहे. फॉर्ममधली खूण आणि काउंटरवरची पावती यांची गाठ मारणारी एकच गोष्ट आहे, मोबाइल नंबर. वडिलांनी परभणीहून स्वतःच्या नंबराने फॉर्म भरला, आई मुलीला घेऊन लातूरला आली आणि पावतीवर आईचा नंबर लागला, की धागा तुटला. तो प्रवेश ‘थेट आलेले’ या खात्यात जमा होतो आणि जाहिरात निष्फळ ठरते. तुम्ही कोड कितीही नेटका लिहा, ही चूक तो पकडू शकत नाही.

त्यामुळे टोकन घेताना रिसेप्शनवरच्या व्यक्तीने आधी यादीत नंबर शोधायचा आणि सापडला नाही तर विचारायचं, ‘काकू, चौकशी कुणाच्या नंबरवरून केली होती? काकांच्या का?’ हा एक प्रश्न रोज न चुकता विचारला जाणं ही खरी मांडणी. यादीसाठी साधी गूगल शीट पुरते: चौकशीची तारीख, पालकांचा नंबर, खूण, मोहिमेचं नाव, डेमोची तारीख, सोबत पालक होते का, टोकनची तारीख-वेळ, पावती क्रमांक, बॅच. आणि आठवड्यातून एकदा पावतीपुस्तक घेऊन बसायचं आणि प्रत्येक पावतीसमोर यादीतली ओळ सापडते का ते बघायचं. २० पावत्यांपैकी ८ पावत्यांची ओळख पटत नसेल, तर जाहिरातींची तुलना करायची वेळ अजून आलेली नाही. आधी काउंटर नीट करा.

गाठ बसली की पावती परत गूगलकडे पाठवायची. गूगल अॅड्समध्ये एक नवी कन्व्हर्जन कृती तयार करायची. तिचं नाव समजा Token Paid. मोजणी One वर ठेवायची, म्हणजे एका टिचकीमागे एकच प्रवेश धरला जातो. Every ठेवलं आणि पुढचा हप्ताही चढवला गेला, तर एक विद्यार्थी दोनदा मोजला जाईल. टिचकीनंतर किती दिवसांपर्यंतचा प्रवेश धरायचा ही मुदत ९० दिवसांवर न्यायची. मग अशी फाइल चढवायची:

```
Parameters:TimeZone=Asia/Kolkata
Google Click ID,Conversion Name,Conversion Time,Conversion Value,Conversion Currency
Cj0KCQjw...,Token Paid,2025-06-14 17:30:00,120000,INR
```

गूगल शीट जोडून दिली तर हे ठरलेल्या वेळी आपोआपही होतं. चढवल्यानंतर किती ओळी स्वीकारल्या आणि किती नाकारल्या हे गूगल दाखवतं, आणि नाकारण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. कृतीचं नाव खात्यातल्या नावाशी तंतोतंत जुळत नाही. वेळेच्या पट्ट्याची पहिली ओळ चुकल्याने प्रवेशाची वेळ टिचकीच्या आधीची दिसते. किंवा टिचकीला ९० दिवस होऊन गेलेले असतात. हे शेवटचं कारण क्लाससाठी गंभीर आहे. १० एप्रिलला टिचकी मारणाऱ्या पालकांचा प्रवेश ९ जुलैच्या पुढे गेला, तर गूगल तो घेत नाही. म्हणून पावत्या साठवून महिनाअखेरीला चढवण्यापेक्षा दर आठवड्याला चढवलेल्या बऱ्या. आयफोनवरून आलेल्या काही टिचक्यांना ही खूण लागत नाही. तिथे पालकांचा नंबर +91 लावून, कूटरूपात बदलून पाठवण्याची सोय गूगलने ठेवली आहे. अर्थात त्यासाठी फॉर्म भरतानाही तोच नंबर तशाच कूटरूपात गूगलकडे गेलेला असावा लागतो.

किमतीच्या रकान्यात टोकनचे ५,००० लिहावेत की फीचे १,२०,०००? फी लिहावी. याच क्लासची १२,००० रुपयांची क्रॅश कोर्स बॅचही असते आणि टोकन दोन्हीकडे सारखंच. टोकन लिहिलं तर दोन वर्षांच्या बॅचचा विद्यार्थी आणि दोन महिन्यांच्या बॅचचा विद्यार्थी गूगलला एकसारखे दिसतील.

मेटाच्या फॉर्मचं काम तुलनेने सोपं आहे, कारण तिथे खूण वेबसाइटवर हरवण्याचा प्रश्न नाही. फेसबुक पेजवरून भरलेल्या फॉर्मची फाइल उतरवता येते आणि प्रत्येक ओळीत मोहिमेचं व जाहिरातीचं नाव, फॉर्म भरल्याची वेळ आणि एक लीड आयडी असतो. ती फाइल यादीत ओतली की मोबाइल नंबराने पावत्या जुळवता येतात. मात्र फाइल फॉर्म आल्यापासून ९० दिवसच मिळते, तेव्हा ती वरचेवर उतरवून ठेवावी. लीड आयडीचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. संख्या म्हणून ठेवला तर एक्सेल पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य करून टाकतं आणि आयडी कायमचा बिघडतो. पावती परत मेटाला कळवण्यासाठी हाच आयडी लागतो. ते काम कन्व्हर्जन्स एपीआयमधून होतं आणि त्यासाठी जाणता माणूस किंवा तयार सॉफ्टवेअर लागतं. ते नसेल तरी घाबरू नका. मेटाची यंत्रणा शिकणार नाही, पण तुम्ही मात्र शीटवरून न्यायनिवाडा करू शकाल, आणि सुरुवातीला तेवढं बस्स आहे.

व्हॉट्सअॅप आणि फोनचा मार्ग ट्रॅकिंगच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात, पण मराठवाड्यातल्या क्लासला तो टाळता येत नाही. अनेक पालक फॉर्म भरतच नाहीत, थेट फोन लावतात. जाहिरातीच्या पानावर एक वेगळा नंबर ठेवा, जो फलकावर, पत्रकावर, गूगल मॅप्सवर कुठेही नाही. त्या नंबरावर आलेला प्रत्येक फोन त्या पानाचाच. व्हॉट्सअॅपच्या जाहिरातीत पालकांच्या वतीने आधीच लिहिलेला संदेश ठेवता येतो. ‘नीट बॅचची माहिती हवी आहे (एप्रिल-२)’ असा मोहिमेचा संकेत त्यात घातला की रिसेप्शनवर तो सहज टिपता येतो. काही पालक संदेश खोडून स्वतःचा लिहितात. तेवढी गळती गृहीत धरावी.

सगळे आकडे नीट येऊ लागले तरी एक फसगत उरते, ती काळाची. आमच्या क्लासने सर्चवर एप्रिलमध्ये ४०,००० खर्च केले. ३० एप्रिलला पावत्या पाहिल्या तर फक्त ३ प्रवेश होते. प्रवेश १३,३३३ रुपयांना. मेअखेर त्याच टिचक्यांतून ८ प्रवेश झाले होते. जूनअखेर १२. पैसे एप्रिलमध्येच संपले होते, निर्णय मात्र दहावीचा निकाल हातात आल्यावर घेतले गेले. ३० एप्रिलला जो चालक घाबरून सर्च बंद करतो, तो आपली सर्वांत चांगली मोहीम बंद करतो. आणि जूनचा खर्च व जूनच्या पावत्या एका ओळीत मांडणारा चालक एप्रिलच्या जाहिरातीचं श्रेय जूनच्या जाहिरातीला देतो.

त्यामुळे पावती नेहमी टिचकीच्या किंवा चौकशीच्या महिन्यात मोजावी, पावतीच्या महिन्यात नव्हे. गूगल स्वतःही तसंच करतं: १४ जूनची पावती ते १२ एप्रिलच्या टिचकीखाली लिहितं. एप्रिलचा आकडा जूनमध्ये वाढलेला दिसला तर तो दोष नाही. मेटाची अडचण वेगळी आहे. त्याच्या अहवालात टिचकीनंतरचे ७ दिवस ही नेहमीची मुदत असते, त्यामुळे तीन आठवड्यांनी झालेला प्रवेश त्यात सहसा दिसणारच नाही. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून तुलना करू नये. तुलना आपल्या शीटमध्ये करावी, जिथे दोघांना एकच मुदत लागू असते. एकच पालक इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून नंतर गूगलवरून आले, तर दोन्ही कंपन्या तो प्रवेश आपला म्हणतात. त्यांची बेरीज पावत्यांपेक्षा जास्त निघते. पावती एकच असते.

आता मला या प्रकरणात सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते. प्रवेशावरून न्याय करायचा म्हटलं तरी प्रवेश थोडे असतात. इन्स्टाग्रामचे ४ प्रवेश योगायोगाने २ किंवा ७ही झाले असते. एवढ्याशा आकड्यावरून कोणती जाहिरात चांगली, कोणतं चित्र चांगलं, हे ठरवणं म्हणजे नाणं चार वेळा उडवून त्याचा स्वभाव सांगणं. यंत्रणांचीही तीच अडचण आहे. प्रवेशामागच्या खर्चावर आपोआप बोली लावायची तर महिन्याला ३० तरी कन्व्हर्जन असावेत असा गूगलचा सल्ला असतो, आणि मेटाची यंत्रणा शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर यायला एका जाहिरात-संचाला आठवड्यात साधारण ५० घटना लागतात. महिन्याला १२ प्रवेशांवर ती काहीच शिकत नाही. मग बरेच जण पुन्हा फॉर्मकडे वळतात, कारण फॉर्म भरपूर असतात.

मधली वाट आहे, पण ती निवडताना डोळे उघडे हवेत. साहजिक सुचतं ते डेमो लेक्चर. आमच्या क्लासमध्ये सर्चवरून आलेले ३६ जण डेमोला बसले आणि इन्स्टाग्रामवरून आलेले ३०. म्हणजे एक डेमो सर्चवर १,१११ रुपयांना आणि इन्स्टाग्रामवर १,३३३ रुपयांना पडला. जवळजवळ सारखाच. डेमोवरून न्याय केला असता तर दोन्ही मोहिमा बरोबरीच्या ठरल्या असत्या, आणि पावत्यांमध्ये तर तिपटीचा फरक आहे. डेमोला कोण बसलं हे शीटमध्ये पाहिल्यावर उलगडा झाला. सर्चच्या ३६ पैकी २७ मुलांसोबत पालक होते. इन्स्टाग्रामच्या ३० पैकी फक्त १० मुलांसोबत. बाकीचे मित्रांबरोबर आलेले, काही तर नववीतले. पालकांसह झालेल्या डेमोंपैकी टोकन किती जणांनी भरलं? सर्चमध्ये २७ पैकी १२, इन्स्टाग्रामवर १० पैकी ४. दोन्हीकडे दहातले चार किंवा किंचित जास्त.

हीच कसोटी आहे. प्रवेशाऐवजी मोजण्यासाठी अशी घटना शोधायची, जिच्यापासून प्रवेशापर्यंत पोहोचण्याचं प्रमाण सगळ्या मोहिमांत साधारण सारखं राहतं. फॉर्मचं तसं नाही, नुसत्या डेमोचं तसं नाही, पालकांसह डेमोचं आहे. तुमच्या क्लासमध्ये ती घटना वेगळी असेल. हॉस्टेलची चौकशी असेल, किंवा प्रवेश चाचणीला बसणं असेल. ती शीटमधूनच सापडते, आणि एका हंगामाच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय सापडत नाही.

एकदा ती सापडली की यंत्रणेला ती शिकवायची. गूगल अॅड्समध्ये ‘पालकांसह डेमो’ ही दुसरी कन्व्हर्जन कृती करून ती Primary ठेवायची, म्हणजे बोली तिच्यावर लागेल. Token Paid ही Secondary ठेवायची, म्हणजे ती फक्त दिसत राहील. फॉर्म भरल्याची जुनी कृतीही Secondary करायची. ती चुकून Primary राहिली तर यंत्रणा सोप्या घटनेकडेच धावते. सर्चवर महिन्याला २७ असे डेमो म्हणजे गूगलच्या ३०च्या जवळपास. आणि चालकाने स्वतःचा निर्णय मात्र पावत्यांवरच घ्यायचा, हंगाम संपल्यावर. यंत्रणेला शिकवण्याचं माप एक आणि मालकाने न्याय करण्याचं माप वेगळं, ही दोन मापं मिसळू नयेत.

आता नावाच्या जाहिरातीबद्दल. ५,००० रुपयांत १० प्रवेश, म्हणजे प्रवेश ५०० रुपयांना. कागदावर ही सर्वांत उत्तम मोहीम. पण ज्याने गूगलवर क्लासचं नावच टाकलं, त्याला क्लास आधीच माहीत होता, बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या पालकांकडून. जाहिरात नसती तर त्याने खालच्या मोफत दुव्यावर टिचकी मारली असती. ट्रॅकिंग टिचकी आणि पावती यांचं नातं दाखवतं. जाहिरात नसती तर काय झालं असतं, हे दाखवत नाही. ते बघायचा एकच मार्ग म्हणजे हंगामात दोन आठवडे ती जाहिरात बंद ठेवणं आणि नाव शोधून येणाऱ्या एकूण चौकशा, जाहिरातीच्या व मोफत मिळून, घटतात का ते पाहणं. स्पर्धक क्लास तुमच्या नावावर जाहिरात लावत असतील तर त्या घटतीलही. पण ५०० रुपयांचा आकडा बघून तिचं बजेट वाढवू नये. नाव शोधणारे लोक बजेटने वाढत नाहीत.

टोकन भरून मागे फिरणारेही असतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत, पूर्ण फी भरून मध्येच सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. परताव्याची नोंदही यादीत व्हावी. गूगलमध्ये चढवलेला प्रवेश रद्द करण्याची किंवा त्याची रक्कम कमी करण्याची सोय आहे, ती वापरावी. एखाद्या मोहिमेतून आलेले विद्यार्थी वरचेवर मागे फिरत असतील, तर त्या जाहिरातीत क्लासबद्दल काय म्हटलं होतं ते पुन्हा वाचावं.

मग आमच्या क्लासने इन्स्टाग्राम बंद केलं का? नाही, आणि ते बरोबरच होतं. १,२०,००० रुपयांच्या फीमागे १०,००० रुपये जाहिरात खर्च काही क्लासना परवडतो, आणि सर्चवर अमर्याद पैसे ओतता येत नाहीत. ‘नीट क्लासेस लातूर’ शोधणारे महिन्याला जेवढे असतात तेवढेच असतात. १२,००० रुपयांच्या क्रॅश कोर्ससाठी मात्र तोच खर्च तोट्याचा, म्हणून त्याची जाहिरात इन्स्टाग्रामवरून काढली. दोन वर्षांच्या बॅचचा फॉर्म बदलला: पाठवण्याआधी माहिती तपासून नक्की करावी लागते तो प्रकार निवडला आणि ‘मुलाची दहावी कोणत्या वर्षी?’ व ‘डेमोला पालक कधी येऊ शकतील?’ हे दोन प्रश्न घातले, ज्यांची उत्तरं प्रोफाइलवरून आपोआप भरली जात नाहीत. फॉर्म कमी येतील, एक फॉर्म १०० ऐवजी कदाचित २५० रुपयांना पडेल आणि एजन्सीचा अहवाल वाईट दिसेल, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं. बदल केला त्या दिवसाची तारीख शीटमध्ये लिहिली. पहिली तपासणी महिन्याने, पालकांसह झालेल्या डेमोंवरून. प्रवेशांचा निवाडा ९० दिवसांनी, पावतीपुस्तक समोर ठेवून.